ताबा देताना किल्ली सर्वांत शेवटी

पेढीवर रोजमेळ मिटवल्याशिवाय गल्ल्याला कुलूप लागत नाही. विकलेल्या सदनिकेचा ताबा देताना मात्र हीच हिशेबी माणसे किल्ल्यांचा जुडगा हाती देतात, पेढा भरवतात आणि मोकळी होतात. खरेदीखत नोंदले म्हणजे मालकी बदलली हे खरे. परंतु वीजबिल, घरपट्टी आणि इमारतीचा देखभाल खर्च यांची खाती त्यामुळे आपोआप मिटत नाहीत. ही देणी जागेची पाठ सोडत नाहीत. म्हणून दाखले आधी, मीटरची नोंद नंतर आणि किल्ली सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावा.

समजा, जळगावातील एका कुटुंबाने आपली सदनिका धुळ्याच्या व्यापाऱ्याला विकली. खरेदीखत १० तारखेला नोंदले गेले आणि ताबा २४ तारखेला ठरला. या चौदा दिवसांची देणी कोणाची? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर सार्वजनिक कर विक्रीच्या तारखेपर्यंत विक्रेत्याने भरायचे असतात. ताब्याच्या तारखेपर्यंत नव्हे. दोघांना ताब्याची तारीख मान्य असेल, तर तसे वाक्य खरेदीखतातच घालावे.

घरपट्टीची पावती ताब्याच्या आठवडाभर आधी हाती असावी. महापालिका अधिनियमानुसार मालमत्ता कराचा पहिला बोजा त्या जागेवरच असतो. त्यामुळे जुनी थकबाकी अखेर घेणाऱ्याच्या दारी येते. विक्रेत्यालाही एक धोका आहे. हस्तांतरणाची लेखी सूचना महापालिकेला दिली नाही, तर कराची जबाबदारी त्याच्यावरही चालू राहते. म्हणून नाव बदलण्याचा अर्ज खरेदीदारावर सोपवून निश्चिंत होऊ नये. आपली सूचना स्वतः द्यावी आणि पोहोच जपून ठेवावी. सोसायटी असेल तर तिचा थकबाकी नसल्याचा दाखला व भागपत्र, आणि अपार्टमेंट असेल तर संघाचे तसे पत्र, त्याच वेळी मागून घ्यावे.

आता वीज. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले की, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असल्यास मागील मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते. महाराष्ट्राच्या नियमांत तशी तरतूद आहे. त्यामुळे महावितरणच्या बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी शून्य आहे ना, हे ताब्याच्या सकाळी दोघांनी मिळून पाहावे.

त्यानंतर मीटरच्या खोलीत जावे. बिलावरील मीटर क्रमांक प्रत्यक्ष मीटरवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. दोन सदनिकांची मीटर अदलाबदल होऊन जोडली गेल्याचे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षा सोपी आहे. घरातील पंखे-दिवे लावून मीटरवरील लुकलुकणारा लाल ठिपका पाहावा, मग घरातील मुख्य स्विच बंद करावा. लुकलुक थांबली तर मीटर आपले. चालूच राहिली तर तार दुसरीकडे गेलेली असू शकते. अशा वेळी तंत्रज्ञाकडून खात्री होईपर्यंत पावतीवर सही करू नये.

आपल्या उदाहरणात मागील बिलावरील वाचन ८,४१२ होते आणि २४ तारखेला ८,४९७ दिसले. म्हणजे ८५ युनिट विक्रेत्याचे. पुढील बिल १३६ युनिटचे व १,३६० रुपयांचे आले, तर विक्रेत्याचा वाटा ८५० रुपये. वापर वाढतो तसा दर बदलतो आणि स्थिर आकारही असतो; म्हणून ताब्याच्या दिवशी अंदाजे रक्कम कापण्यापेक्षा बिल आल्यावर युनिटच्या प्रमाणात वाटणी करणे न्याय्य. महावितरणकडील अनामत विक्रेत्याची असते. ती खरेदीदाराच्या नावे राहणार असेल तर लेखी संमती देऊन तेवढी रक्कम वेगळी घ्यावी.

जळगाव-धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून शक्यतो पाण्याच्या दिवशीच ताबा ठरवावा. टाकीच्या पाण्यावर नळाची परीक्षा होत नाही.

शेवटी किल्ल्या. मुख्य दार, जाळीचे दार, गच्ची, टपालपेटी, मीटरखोली अशी नावे घालून प्रत्येकीची संख्या लिहावी. शेजारच्या काकूंकडे किंवा कामवाल्या मावशींकडे ठेवलेली किल्ली हटकून विसरते. तरीही खरेदीदाराने त्याच संध्याकाळी मुख्य दाराचे कुलूप बदलावे. विक्रेत्याने अखेरचा हप्ता खात्यात जमा झाल्याचे पाहूनच जुडगा द्यावा. हातातील धनादेश म्हणजे पैसे नव्हेत.

या सर्वांची एक ताबा पावती दोन प्रतींत करावी. तीत तारीख, वेळ, मीटरचे वाचन, किल्ल्यांची संख्या, मिळालेले दाखले आणि उरलेले देणे लिहून दोघांनी व दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. मीटरचे छायाचित्र त्याच क्षणी दोघांच्या मोबाइलवर असावे. पेढा त्यानंतर भरवावा.