अंगठा घेण्याआधी

लातूर जिल्ह्यातल्या मुरुड भागातला पंचावन्न वर्षांचा एखादा शेतकरी डोळ्यांपुढे आणा. उभं राहून खोकलं की उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो. दुखत नाही. हा अंतरगळ, म्हणजे हर्निया. ऑपरेशन ठरतं आणि त्या दिवशी सकाळी, थिएटरच्या दारात, त्याच्यापुढे कागद येतो. ‘साहेब म्हणतील तसं,’ म्हणत तो अंगठा उमटवतो. याला संमती म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. उपचार काय, त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला कळलं पाहिजे. हे ओपीडीतच, काही दिवस आधी सांगायला हवं.

सांगणं अवघड नाही. ‘काका, पोटाच्या भिंतीला कमजोर जागा झालीय, तिथून आतडं डोकावतंय. गोळीनं ती बुजत नाही. पट्ट्यानं फुगवटा दाबला जातो, जागा भरत नाही. ऑपरेशनात आतडं आत ढकलून तिथं जाळी बसवतात. बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात.’

मग धोके. रक्त किंवा पाणी साचून सूज येते, लघवी अडकू शकते, जखमेत पू होऊ शकतो. साधारण दहातल्या एकाला जांघेतलं दुखणं महिनोन्‌महिने राहतं. शंभरात काहींना हर्निया पुन्हा होतो. क्वचित अंडकोषाचा रक्तपुरवठा बिघडतो. यातलं दुखणं अनेकदा सांगायचं राहून जातं आणि रुग्णाची तक्रार नंतर नेमकी त्याचीच असते.

सर्वांत कमी सांगितला जाणारा पर्याय म्हणजे थांबणं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फारसा त्रास नसलेल्या पुरुषांपैकी हजारात दोघांहूनही कमी जणांचा हर्निया वर्षभरात अचानक अडकला. मात्र पुढील दहा वर्षांत बहुतेकांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे थांबता येतं, पण बहुधा कायमचं नाही. बायकांना मात्र थांबायला सांगू नये. त्यांच्यात अडकणारा प्रकार जास्त आढळतो.

हे ऐकल्यावर आपला शेतकरी कदाचित म्हणेल, ‘सोयाबीन काढून येतो.’ ऑपरेशननंतर काही आठवडे पोती उचलता येणार नाहीत, तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच आहे. त्याला एवढंच बजावायचं: गाठ आत जाईना, कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, शौच-वारा बंद झाला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

शेवटी डॉक्टरांनी एक प्रश्न विचारावा: ‘काका, घरी जाऊन काकूंना काय सांगाल?’ त्याला आपल्या शब्दांत सांगता आलं, तरच अंगठा घ्यावा.