फ्लेकेनाइडची एकटी गोळी

पन्नाशीचा रुग्ण. एट्रियल फिब्रिलेशनचे झटके अधूनमधून येतात, एको नॉर्मल आहे. फ्लेकेनाइड 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. विश्रांतीची नाडी 64 होती, म्हणून बीटा-ब्लॉकर जोडले नाही. आठवड्याभरात जिना चढताना त्याला भोवळ आली. इमर्जन्सीत नाडी 210, क्यूआरएस रुंद. पाहणारा प्रत्येक जण व्हीटी म्हणेल. ईसीजीचे रूपही तसेच असते, पण हा बहुधा एट्रियल फ्लटर आहे आणि तो आपल्याच औषधाने घडवलेला असतो.

फ्लेकेनाइड सोडियम चॅनेल अडवते. त्यामुळे एट्रियममधला विद्युतप्रवाह मंदावतो आणि विस्कळीत फिब्रिलेशनचा कधी कधी शिस्तीतला फ्लटर होतो. एरवी फ्लटरची गती 300 च्या आसपास असते. एव्ही नोड त्यातला एक ठोका सोडतो, एक अडवतो आणि नाडी 150 वर राहते. औषधाने फ्लटर 210 वर उतरला की नोडला प्रत्येक ठोका पेलतो. नोडचे काम मुख्यतः कॅल्शियम चॅनेलवर चालते, तिथे फ्लेकेनाइडचा धाक फारसा नाही. त्यात जिना चढताना अॅड्रेनलिन नोडची वाट आणखी मोकळी करते.

मग क्यूआरएस रुंद का? चॅनेल उघडले की फ्लेकेनाइड त्याला चिकटते, आणि सुटायला त्याला दहा सेकंदांहून जास्त लागतात. लिडोकेन सेकंदाच्या आतच सुटते. नाडी वाढली की दोन ठोक्यांमधली उसंत कमी होते आणि अडलेल्या चॅनेलांची संख्या चढत जाते. म्हणूनच विश्रांतीच्या ईसीजीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. औषध चार-पाच दिवस पोटात गेल्यावर ट्रेडमिलवर ईसीजी घ्यावा. क्यूआरएस मूळच्यापेक्षा 25 टक्क्यांहून अधिक रुंदावला तर डोस कमी करावा किंवा औषध थांबवावे. सोटॅलॉलचे नेमके उलट आहे: त्याचा पोटॅशियम चॅनेलवरचा परिणाम नाडी मंद असताना वाढतो, म्हणून क्यूटी मंद नाडीवरच तपासायचा.

रक्तदाब कोसळला असेल तर निदानाच्या वादात न पडता सिंक्रोनाइज्ड शॉक द्यावा. स्थिर रुग्णातही रुंद क्यूआरएसला शिरेतून व्हेरापामिल देऊ नये. खरोखरच व्हीटी असेल तर ते जिवावर बेतते. लय सुधारल्यावर जुना ईसीजी शेजारी ठेवून पाहावा.

फ्लेकेनाइड पुढे चालू ठेवायचे असेल तर सोबत मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम हवेच, विश्रांतीची नाडी 64 असली तरीही. डिगॉक्सिनवर भागवू नये. ते मुख्यतः व्हेगसमार्फत नोडला आवरते, आणि श्रम सुरू होताच व्हेगस मागे हटतो. रुग्णाला पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर हे औषध मुळीच नको: 1989 मध्ये कास्ट चाचणीत अशाच रुग्णांचे जादा ठोके फ्लेकेनाइडने थांबले होते, पण मृत्यू वाढले होते.