रेंडरमधली नाजूक अंगठी बोटात टिकते का?

ताईच्या साखरपुड्याची अंगठी मी डिझाइन केली होती. ज्वेलरी कॅडच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये होतो, त्यामुळे उत्साह जरा जास्तच होता. १८ कॅरेट सोनं, मधोमध साडेसहा मिलिमीटरचा गोल मॉइसनाइट आणि त्याला धरणारे चार बारीक प्रॉन्ग. स्क्रीनवरचं रेंडर असं दिसायचं की खडा जणू हवेत तरंगतोय. फॅमिली ग्रुपवर हार्टचा पाऊस पडला.

चौथ्या महिन्यात ताईचा फोन आला. ‘‘अरे, अंगठीत खडा नाहीये.’’ ओढणीचा धागा आठवडाभर एका प्रॉन्गमध्ये अडकत होता. तिने तो सोडवला, पण त्याचा अर्थ तिला कळला नाही. प्रॉन्ग उघडत चालला होता. चारपैकी एक उघडला आणि खडा लोकलमध्ये की ऑफिसात, कुठे पडला ते आजवर कळलेलं नाही.

रिकामी अंगठी घेऊन मी झवेरी बाजारातल्या एका सेटर काकांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘प्रॉन्ग किती जाडीचा काढला होतास?’’ मी ऐटीत म्हणालो, ‘‘पॉइंट एट.’’ त्यांनी गेज लावून मोजलं. अंगठीवर तो जेमतेम पॉइंट सिक्स होता. मग ते म्हणाले, ‘‘तू स्क्रीनवरचा प्रॉन्ग काढलास. बोटातला प्रॉन्ग कोण काढणार?’’

माझं मत त्या दिवशी बनलं. प्रॉन्गची जाडी शेवटून सुरुवातीकडे मोजायची असते आणि आपल्याला ती उलट्या दिशेने शिकवली जाते.

माझ्या ०.८ मिलिमीटरचं पुढे काय झालं ते बघा. कॅड फाइलवरून आधी रेझिनचा नमुना प्रिंट होतो. असे नमुने झाडाच्या फांद्यांसारखे एकत्र जोडून त्यांच्याभोवती प्लास्टर ओततात. भट्टीत रेझिन जळून जातं आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं सोनं जातं. या सगळ्यात माप साधारण दीड-दोन टक्के आकसतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी सगळं मॉडेल दोन टक्क्यांनी मोठं केलं होतं आणि काम झालं असं समजलो होतो.

माझी खरी चूक इथे झाली. आकसणं टक्क्यांत होतं, पण घासणं मिलिमीटरमध्ये होतं. कास्टिंग खरबरीत येतं. त्यावर कानस फिरते, मग एमरी, मग पॉलिश. यात प्रॉन्गच्या जाडीतून साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जातात. अंगठीची कडी दोन-अडीच मिलिमीटरची असते, तिला हे कळतही नाही. पण ०.८ च्या प्रॉन्गचा जवळपास पाचवा हिस्सा गेलेला असतो. Scale कमांडने दोन टक्के वाढवून ही भरपाई होत नाही, कारण ०.८ चे दोन टक्के म्हणजे जेमतेम ०.०२.

घासून ०.६३ च्या आसपास उरलं. त्यानंतर सेटर खड्याची कड बसवायला प्रॉन्गच्या आतल्या बाजूने खाच पाडतो आणि त्यात साधारण एक तृतीयांश जाडी जाते. म्हणजे ज्या जागी प्रॉन्ग खड्यावर वाकतो, नेमकी त्या जागी ०.४२ मिलिमीटर सोनं उरलं. ताईचा खडा एवढ्यावर लटकत होता.

आता उलटं मोजू. साडेसहा मिलिमीटरच्या खड्याला चार प्रॉन्ग असतील, तर तयार अंगठीत प्रत्येक प्रॉन्ग एक मिलिमीटरचा हवा. त्यात घासाईचे ०.१५ ते ०.२ मिळवा. कॅडमध्ये १.२ काढावा लागतो. घासून तो १.०३ होतो आणि खाचेनंतर ०.६९ उरतो. ०.४२ आणि ०.६९ मधला फरक कागदावर किरकोळ वाटेल. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे हा प्रॉन्ग माझ्या प्रॉन्गपेक्षा चौपटीहून जास्त ताठ राहतो.

बारीक प्रॉन्गचा त्रास खरं तर कास्टिंगपासूनच सुरू होतो. पातळ जागेत सोनं लवकर गोठतं. टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठलं, तर प्रॉन्ग आखूड आणि टोकाला गुळगुळीत गोल येतो. मूळ फाइलमध्ये टोक सपाट असेल आणि कास्टिंगमध्ये ते वितळलेल्या मेणबत्तीसारखं दिसत असेल, तर प्रॉन्ग पूर्ण भरलेला नाही. तो पीस सेटरकडे पाठवूच नका.

या हिशोबात आणखी एक खड्डा आहे. साडेसहाच्या खड्याची छान जमलेली फाइल असते आणि क्लायंट म्हणतो, ‘‘सेम डिझाइन, पण पाच मिलिमीटरचा खडा.’’ आपण सगळं मॉडेल Scale करून मोकळे होतो. पण खड्याबरोबर प्रॉन्गही लहान होतो, १.२ चा थेट ०.९२. घासाई मात्र तेवढीच राहते. खडा छोटा झाला म्हणून कानस कमी घासत नाही. म्हणून खड्याचा घेर बदला आणि प्रॉन्ग पुन्हा नव्याने काढा. रायनोमध्ये Pipe वापरत असाल तर आकडा टाकण्याआधी तो त्रिज्या मागतोय की व्यास, हेही बघा.

‘‘पण १.२ चे प्रॉन्ग किती जाडजूड दिसतात!’’ हा आक्षेप मला मान्य आहे, कारण मीही तोच घेतला होता. पण तुम्ही बघताय ते कास्टिंगचं माप, तयार दागिन्याचं नाही. त्यातही स्क्रीनवर साडेसहा मिलिमीटरचा खडा बशीएवढा दिसतो. मूळ मापात प्रिंट काढून बोटावर ठेवा, मग ठरवा. नाजूकच हवं असेल तर चारऐवजी सहा प्रॉन्ग घ्या. भार वाटला जातो, त्यामुळे प्रत्येक प्रॉन्ग कॅडमध्ये एक मिलिमीटरचा ठेवला तरी चालतो. शिवाय एक उघडला तरी पाच धरून असतात. चांदीत मात्र ही सूट घेऊ नका, ती १८ कॅरेट सोन्यापेक्षा मऊ असते.

माझा खरा आक्षेप क्लासेस आणि कॉलेजांच्या मार्किंगवर आहे. आमच्या ज्युरीत रेंडरला भरपूर मार्क होते आणि कास्ट केलेल्या पीसला शून्य, कारण तो मागितलाच नव्हता. रेंडरमध्ये कानस नसते, सेटर नसतो, ओढणीही नसते. तिथे ०.४ चा प्रॉन्गही खडा धरून ठेवतो. सेमिस्टरला एकच अंगठी, तीही पितळेत, पण कास्ट करून, घासून, खडा बसवून आणायला सांगा. मार्क द्यायच्या आधी ज्युरीने प्रॉन्गला गेज लावावं, आणि अंगठी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारावी. खडा खुळखुळला तर मार्क कापा.

ताईची नवी अंगठी मी १.२ ने काढली. रेंडरला या वेळी ग्रुपवर तीनच हार्ट आले. ताई दर महिन्याला ओढणीचा पदर प्रॉन्गवरून फिरवून बघते. दीड वर्ष झालं, एकही धागा अडकलेला नाही.