सही करण्याआधी बिलांचा तक्ता मांडा

उमरोळीत राहून तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांना सल्ला देणाऱ्या इंजिनिअर मंडळींना, विशेषतः नोकरी संपवून नव्याने या कामात उतरलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वर्क ऑर्डरसोबत आलेल्या ‘स्कोप ऑफ वर्क’वर सही करण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि त्यातून बिलांचा तक्ता तयार करा. काम चोख करूनही पैसे अडकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा त्या कागदातच असतं.

समजा, एका रासायनिक कारखान्याने तुम्हाला हॅझॉप अभ्यासाचं काम दिलं. रक्कम 4 लाख, मुदत चार महिने. पैशांचं कलम म्हणतं: ऑर्डरसोबत 20 टक्के, मसुदा अहवाल दिल्यावर 30, अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर 40 आणि प्रशिक्षण व शिफारशींची पूर्तता झाल्यावर 10. वाचायला सोपं आहे. पण यातल्या प्रत्येक हप्त्याला विचारा: ही घटना घडली हे कोण ठरवणार, आणि त्या दिवसाची तारीख कोणत्या कागदावर येणार?

‘मसुदा दिल्यावर’ याला तुमच्या ईमेलची तारीख पुरते. ‘मंजूर झाल्यावर’ याला पुरत नाही. मंजुरीच्या अटी पैशांच्या कलमात क्वचितच सापडतात. त्या मागे जोडलेल्या परिशिष्टात असतात. आपल्या उदाहरणात तिथे लिहिलंय की प्रत्येक शिफारशीला जोखमीची श्रेणी हवी, अभ्यास पी अँड आयडीच्या ताज्या आवृत्तीवर केलेला हवा आणि अहवाल सुरक्षा समितीने तपासलेला हवा. म्हणजे 1,60,000 रुपयांची ही एक ओळ लिहायला तीन कलमं एकत्र आणावी लागतात. शिवाय ताजी ड्रॉइंग देणं कारखान्याच्या हातात आहे. ती कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हेही त्याच ओळीत लिहा, नाहीतर त्यांचा उशीर तुमच्या नावावर पडेल.

तक्त्यात प्रत्येक ओळीला कलम क्रमांक, काय द्यायचं, कशावरून ते मान्य समजायचं, सही कोणाची, बिल कधी आणि पैसे कधी, एवढं पुरे. सहीसमोर हुद्दा लिहा, ‘कंपनी’ असं नको. सगळ्या रकमांची बेरीज 4 लाख येते का ते पाहा. मग उलट दिशेने तपासा: स्कोपमध्ये मागितलेली प्रत्येक गोष्ट तक्त्यात आली का? दरमहा प्रगती अहवाल मागितलाय आणि त्याला वेगळी रक्कम नाही, तर तो कोणत्या हप्त्यात धरलाय हे नोंदवा. नाहीतर शेवटच्या बिलाच्या वेळी ‘दोन अहवाल राहिलेत’ म्हणून फाइल परत येते.

आता शेवटचे 10 टक्के. प्रशिक्षण तुम्ही एका दिवसात उरकाल. शिफारशींची पूर्तता म्हणजे नवे व्हॉल्व्ह, नवे अलार्म, त्यांचं बजेट, पुढचं शटडाउन. ते कारखाना करणार, कदाचित वर्षभराने. तुमचे 40,000 रुपये दुसऱ्याच्या खरेदीवर टांगू नका. ‘प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सही झाल्यावर’ असा बदल सहीआधी मागा. त्या टप्प्यावर समोरचा माणूस सहसा ऐकतो, नंतर नाही.

मंजुरी किती दिवसांत द्यायची हे कागदात नसेल, तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा 2006चा कायदा मदतीला येतो. त्यासाठी ऑर्डर घेण्याआधीच उद्यम नोंदणी करून ठेवा. त्या कायद्यानुसार सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो, आणि लेखी करारातही पैशांची मुदत स्वीकृतीपासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. अंतिम अहवाल 10 जुलैला पोच घेऊन दिला आणि 25 जुलैपर्यंत लेखी हरकत नाही, तर शेवटची तारीख 24 ऑगस्ट. कागदात ‘बिलापासून 60 दिवस’ असलं तरी तक्त्यात हीच तारीख लिहा. फोनवर कोणी ‘थोडे बदल हवेत’ म्हटलं, तर त्याच दिवशी ईमेलने विचारा, कोणते बदल आणि परिशिष्टातल्या कोणत्या अटीनुसार.

काम तीन महिन्यांपेक्षा लांब चालणार असेल आणि पैसे टप्प्यांवर बांधलेले असतील, तर जीएसटीनुसार टप्पा पूर्ण होईल त्या दिवशी किंवा त्याआधी बिल काढावं लागतं. म्हणून बिलाची तारीख तक्त्यात आधीच ठरलेली हवी. हातात येणारी रक्कमही वेगळी लिहा: 1,60,000 वर 18 टक्के जीएसटी 28,800, आणि मूळ रकमेवर 10 टक्के टीडीएस कापला तर 16,000 वजा. बँकेत 1,72,800 येतील, त्यातले 28,800 सरकारचे.

तक्ता तयार झाला की तो कारखान्याच्या अकाउंट्स विभागाला आणि काम देणाऱ्या अधिकाऱ्याला एकाच ईमेलमध्ये पाठवा, आणि ‘हा तक्ता ऑर्डरचा भाग समजावा’ एवढी ओळ ऑर्डरमध्ये घालून घ्या.