गोल किती?

माझ्या आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तीन प्रकारच्या खुणा असतात. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि निळ्या पेनाने काढलेले गोल. गोल म्हणजे आईची अर्धशिशी. महिन्याला दोन, फार तर तीन. मी शाळेत असल्यापासून हा आकडा तसाच आहे. गोलाच्या दिवशी खोलीत अंधार, कपाळावर सुंठेचा लेप आणि टीव्ही बंद. दुसऱ्या दिवशी आई परत ओट्याशी उभी.

हा वारसा मला चोविसाव्या वर्षी मिळाला. पहिली नोकरी, पहिला मायग्रेन! तेव्हा माझेही महिन्याला तीनच गोल असायचे. मग एकतिसाव्या वर्षी ते सतरा कसे झाले? आई तीच, जीन्स त्याच, शहरही तेच. मधल्या सात वर्षांत बदललेली आणि मोजता येणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे माझं वजन. ५८ किलोवरून ७४. उंची १६० सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय २२.७ वरून २८.९.

आता लगेच फणा काढू नका. ‘जाड झालीस म्हणून डोकं दुखतं’ हे वाक्य मला लग्नकार्यात इतक्या मावश्या-आत्यांनी ऐकवलंय, की त्यावर वेगळा मायग्रेन व्हावा. आणि ते वाक्य चूकच आहे. अमेरिकेत तीस हजारांहून जास्त लोकांना फोन करून केलेला एक मोठा सर्व्हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मायग्रेन असणाऱ्यांचं प्रमाण बारीक, मध्यम, जाड अशा सगळ्या गटांत जवळपास सारखंच निघालं. फरक होता तो दिवसांच्या संख्येत. महिन्याला दहा ते चौदा दिवस डोकं दुखणारे मायग्रेनवाले नॉर्मल वजनाच्या गटात ४.४ टक्के होते, लठ्ठ गटात १३.६ आणि अतिलठ्ठ गटात २०.७ टक्के. म्हणजे मायग्रेन कुणाला होणार हे वजन फारसं ठरवत नाही. पण ज्याला आहे, त्याच्या कॅलेंडरवर गोल किती पडणार यात मात्र वजनाचा हात असतो.

(त्या सर्व्हेत लठ्ठपणाची रेघ बीएमआय ३० वर होती. आपल्याकडचे डॉक्टर ती २५ वर धरतात, कारण भारतीय शरीर कमी वजनातही पोटावर चरबी साठवतं. तेव्हा ‘मी तर २८, मी कुठे लठ्ठ?’ हा माझा युक्तिवाद क्लिनिकमध्ये दोन मिनिटंही टिकला नाही.)

हे का होतं, ते मला माझ्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. पोटाची चरबी म्हणजे नुसतं गोदाम नव्हे, ती एक कामसू ग्रंथी आहे. शरीरात हलकीशी सूज कायम ठेवणारी रसायनं ती रक्तात सोडत राहते. तिकडे मायग्रेनमध्ये चेहऱ्याच्या आणि कवटीच्या आतल्या नसांची टोकं सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात, आणि त्यातून ती ठणकणारी कळ येते. जास्त वजनाच्या बायकांच्या रक्तात हे सीजीआरपीही जास्त आढळलेलं आहे. थोडक्यात, स्फोट व्हायला लागणारी ठिणगी लहान लहान होत जाते. पूर्वी मला रात्रभर जागरण आणि वर कडक ऊन, असं दोन्ही लागायचं. नंतर नुसता लंच तासभर लांबला तरी पुरायला लागलं.

मग पुढची पायरी. महिन्यातून तीनदा वाजणारी धोक्याची घंटा दहादा वाजायला लागली, की मेंदूतल्या वेदनेच्या वाटा जागसूद राहायला लागतात. मधल्या दिवसांतही त्या पूर्ण शांत होत नाहीत. याची खूण फार साधी असते, आणि मी ती वर्षभर पाहूनही ओळखली नाही. केस विंचरताना टाळू दुखायची. पोनीटेल सहन व्हायची नाही. कानातलं जड लागायचं. मला वाटलं, शॅम्पू बदलायला हवा! स्पर्शसुद्धा वेदना वाटू लागणं ही मेंदू चढेल झाल्याची पावती असते, हे नंतर कळलं.

आणि या सगळ्याला फोडणी घातली माझ्या पर्समधल्या गोळ्यांनी. दिवस वाढले तशा गोळ्या वाढल्या. पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली, केमिस्टकडे सहज मिळणारी. मीटिंगच्या आधी एक, दुखेल या भीतीने आणखी एक. इथला नियम कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. अशी मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान महिन्यात दहा किंवा त्याहून जास्त दिवस, साधी वेदनाशामक पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, की गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. मोजायचे असतात ते गोळीचे दिवस, गोळ्यांची संख्या नव्हे. माझे दिवस होते चौदा.

मॅडमनी आधी महिनाभर डायरी लिहायला लावली. निकाल: सतरा दिवस दुखणं, त्यातले नऊ दिवस खरा मायग्रेन, म्हणजे एका बाजूची ठणक, मळमळ आणि उजेड नकोसा. डोकेदुखीचे पंधरा किंवा जास्त दिवस, त्यातले किमान आठ मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ. याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. आईचा आहे तो एपिसोडिक. दरवर्षी एपिसोडिकवाल्या शंभरातले साधारण अडीच-तीन जण इकडे सरकतात. मी त्या अडीच-तीनमधली.

औषध लिहिण्याआधी त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. मी वैतागले, चष्म्याचा नंबर तर परवाच तपासला होता! पण कारण वेगळं होतं. वजन वाढलेल्या तरुण बायकांमध्ये डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढण्याचा एक आजार होतो आणि तो मायग्रेनसारखाच भासतो. वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येणं, कानात नाडीच्या तालावर सूं सूं ऐकू येणं ही त्याची लक्षणं. डोळ्याच्या मागच्या नसेला सूज असेल तर ती पडद्याच्या तपासणीत दिसते, आणि वेळेत पकडलं नाही तर नजर जाऊ शकते. माझी नस ठीक निघाली. घोरतेस का, सकाळी उठतानाच डोकं जड असतं का, हेही विचारलं. झोपेत श्वास अडकत असेल तरी असंच दुखतं.

आता जुनी फाइल. आधीच्या डॉक्टरांनी मला फ्लुनारिझिन दिलं होतं. चांगलं औषध आहे, पण भूक वाढवतं, झोप आणतं. माझ्या सोळा किलोंपैकी चार त्या पाच महिन्यांतले होते. अमिट्रिप्टिलिन आणि व्हॅल्प्रोएट यांचीही तीच कथा. डोकेदुखीवरचं औषध वजन वाढवणार आणि वजन डोकेदुखी वाढवणार! त्यामुळे मॅडमनी टोपिरामेट निवडलं, त्यात उलट वजन थोडं घटतं. पण आधी स्पष्ट विचारलं, मूल होऊ देण्याचा विचार आहे का? गर्भाला त्याचा धोका असतो, त्यामुळे पक्कं गर्भनिरोधन हवंच. शिवाय बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. कॉलम लिहिणाऱ्या बाईला शब्द सापडू नयेत! एका संध्याकाळी मला ‘झारा’ हा शब्द अर्धा तास आठवला नाही. हातात झाराच होता.

मिश्र गोळी पूर्ण बंद झाली, तेव्हाचे पहिले नऊ दिवस मी कुणाला सांगणार नाही. दुखणं उसळतं, हे आधीच बजावलेलं होतं, म्हणून तगले. मध्येच मी स्वतःचं डोकं चालवून एक क्रॅश डाएट केलं. नाश्ता नाही, दुपारी फक्त काकडी. दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला उलट्या. उपाशी राहणं हा मायग्रेनचा जुना ट्रिगर आहे, त्यामुळे वजन उतरवायचं ते जेवणं न चुकवता. नाश्त्याला दोन अंडी किंवा मुगाचे धिरडे, संध्याकाळी साडेपाचला मूठभर दाणे, रात्रीचं हलकं जेवण आठच्या आत. चालणं पंधरा मिनिटांपासून सुरू केलं आणि हळूहळू चाळीसवर नेलं.

सहा महिन्यांनी वजन ६९, गोल पाच.

मी पेढे वाटायला निघाले, तर मॅडमनीच हवा काढली. म्हणाल्या, ‘‘हे पाच किलोंमुळे झालं असं छातीठोक लिहू नका हं.’’ अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मायग्रेन असलेल्या, जास्त वजनाच्या ११० बायका. निम्म्यांना सोळा आठवडे आहार-व्यायामाचा कार्यक्रम, निम्म्यांना नुसती मायग्रेनची माहिती. पहिल्या गटाचं वजन सरासरी ३.८ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं उलट किंचित वाढलं. आणि डोकेदुखीचे दिवस? पहिल्या गटात महिन्याला तीन कमी, दुसऱ्यात चार कमी! म्हणजे तीन-चार किलो उतरवणं हे नुसतं दुखणं समजून घेण्यापेक्षा सरस ठरलं नाही. बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर, वजन खूप उतरल्यावर, दिवस कमी झाल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण तिथे तुलनेला दुसरा गट नसतो.

ऑफिसात सध्या इंजेक्शनवाल्या बारीक होण्याची चर्चा जोरात आहे, म्हणून तेही विचारलं. २०२५ मध्ये इटलीतून एक लहानसा अभ्यास आला, ३१ लठ्ठ मायग्रेनवाल्यांवर, लिराग्लुटाइडचा. बारा आठवड्यांत महिन्याचे दिवस सरासरी नऊने कमी झाले, आणि गंमत म्हणजे वजन जवळपास जागेवरच होतं. तेव्हा औषध दुसऱ्याच कुठल्या वाटेने काम करत असावं, बहुधा डोक्यातल्या पाण्याचा दाब उतरवून. प्लासिबो गट नव्हता, त्यामुळे ‘माझ्यासाठी लिहून द्या’ या माझ्या मागणीवर मॅडम फक्त हसल्या.

मग माझ्या सतराचे पाच कशाने झाले? त्यांचा अंदाज असा: सगळ्यात मोठा वाटा गोळी सुटण्याचा, मग टोपिरामेटचा, मग वेळेवर खाण्या-झोपण्याचा, आणि किलोंचा वाटा शेवटी. माझा अंदाज थोडा वेगळा आहे. मला वाटतं, वजनाने मला उताराच्या टोकाला नेऊन ठेवलं आणि गोळ्यांनी ढकललं. वर येताना कुणाचा हात आधी लागला, हे कोण मोजणार?

आता माझ्या फ्रिजवरही कॅलेंडर आहे. निळा गोल दुखण्याचा, लाल फुली गोळीच्या दिवसाची. आठ फुल्या झाल्या की मॅडमना फोन, दहाची वाट बघायची नाही. आज २२ तारीख. गोल चार, फुल्या तीन. चौथा गोल परवाच्या संकष्टीचा. आईच्या आग्रहाखातर उपास केला, चंद्रोदय उशिरा होता. आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘अगं, मग दुपारी साबुदाणा खाऊन घ्यायचास की. माझे या महिन्यात दोनच.’’