केस गुळगुळीत, डोळे लाल

नाशिकच्या एका भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. सूनबाईंना केसांना ‘केरॅटिन’ करून घ्यायचे आहे. पार्लरवालीने सात हजार रुपये सांगितले आहेत, वर शांपू नि कंडिशनरची जोडी वेगळी. ‘बाटलीवर फॉर्मॅल्डिहाइड नाही असे छापले आहे, मग काळजीचे कारण नाही ना? आणि तो महागडा शांपू घ्यावाच लागतो का?’ असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः बावीस वर्षे पार्लर चालवते आहे, तेव्हा या दोन प्रश्नांवरच यंदाचे पान खर्ची घालते.

आधी हे करतात कसे ते पाहू. केस दोनदा स्वच्छ धुऊन कोरडे करतात. मग बटाबटांना औषध लावतात, टाळूपासून बोटभर जागा सोडून. नंतर ड्रायरने वाळवतात आणि शेवटी प्रत्येक बट तापलेल्या स्ट्रेटनरमधून पाचसात वेळा ओढतात. हा स्ट्रेटनर २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला असतो. नावात केरॅटिन असले तरी केस सरळ राहतो तो त्या केरॅटिनमुळे नव्हे. जुन्या पद्धतीच्या औषधात खरा कारागीर फॉर्मॅल्डिहाइड. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या स्ट्रेटनरने सरळ धरलेल्या असताना तो त्यांना एकमेकींशी टाचून टाकतो.

कॉलेजात ज्यांनी प्राणिशास्त्र घेतले होते, त्यांना बरणीतला बेडूक आठवत असेल. ती बरणी उघडताच नाकात जाणारा वास याचाच. फॉर्मॅल्डिहाइड हा मुळात वायू. पाण्यात विरघळला की त्याचे बहुतांशी मिथिलिन ग्लायकॉल होते, आणि पाणी तापून उडाले की त्यातून तो पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. सारी हातचलाखी इथे आहे. ‘आमच्या बाटलीत मिथिलिन ग्लायकॉल आहे, फॉर्मॅल्डिहाइड नाही’ असे म्हणणारा कागदावर खोटे बोलत नाही असे वाटते. स्ट्रेटनर लावताच खरे काय ते डोळ्यांना कळते.

ही चलाखी एकदा चांगली उघडी पडली आहे. २०१० साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरी एका पार्लरमधल्या केशकर्तनकार बायकांच्या नाकातून रक्त येऊ लागले, डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडू लागला. वापरात होते ‘ब्राझिलियन ब्लोआउट’ नावाचे औषध, आणि बाटलीवर ‘फॉर्मॅल्डिहाइडमुक्त’ असे छापलेले. त्यांनी गप्प न बसता बाटली तपासायला दिली. मग तिथल्या कामगारसुरक्षा खात्याने ५०हून अधिक पार्लरांतून १००हून अधिक नमुने गोळा केले. ‘मुक्त’ म्हणवणाऱ्या त्या बाटल्यांत सरासरी ८ टक्क्यांवर फॉर्मॅल्डिहाइड निघाले! दवाखान्यात शरीराचा तुकडा टिकवायला जे द्रावण वापरतात त्यात ते साधारण ४ टक्के असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने कंपनीला ताकीद दिली, आणि २०१२ साली कॅलिफोर्नियात सहा लाख डॉलर भरून व लेबलावर इशारा छापण्याचे कबूल करून कंपनीने तडजोड केली.

गिऱ्हाईक वर्षातून दोनदा तासभर त्या वाफेत बसते. काम करणारी मुलगी सणासुदीला दिवसातून चारदा. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवले, ते मुख्यतः अशा रोज हुंगणाऱ्यांचा विचार करून. तोंडाला बांधलेला साधा मास्क वायू अडवीत नाही. पंखा लावला तर वाफ शेजारच्या खुर्चीवर जाते. म्हणून सूनबाईंनी आधी बाटली मागून घ्यावी आणि लेबलावर फॉर्मॅल्डिहाइड, फॉर्मॅलिन, मिथॅनल किंवा मिथिलिन ग्लायकॉल यांपैकी एखादे नाव आहे का ते पाहावे. बाटली दाखवायला नकार आला, किंवा सुटे औषध वाटीत आणले, तर उठून यावे. आणि लेबल स्वच्छ असूनही पहिल्या बटेला स्ट्रेटनर लागताच डोळ्यांत पाणी आले, तर काम तिथेच थांबवायला सांगावे. सात हजार गेले तरी चालतील.

यावर पार्लरवाली म्हणेल, ‘ताई, आमचे नवे आहे, ग्लायॉक्सिलिक ॲसिडचे.’ हल्ली हेच जास्त चालते, नावे मात्र निराळी. त्याचाही हिशेब ऐकून ठेवा. ट्युनिशियातली एक २६ वर्षांची तरुणी २०२०, २०२१ आणि २०२२ साली पार्लरमध्ये केस सरळ करून आली आणि तिन्ही वेळा ओकाऱ्या, ताप, पाठदुखी होऊन तिच्या मूत्रपिंडांचे काम मंदावले. औषध लावताना टाळूची आग झाली होती, फोडही आले होते. फ्रान्सच्या डॉक्टरांनी २०२४ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. उंदरांच्या कातडीवर तेच मलम लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांतही ऑक्झलेटचे खडे साठले. असे दर बाईला होते असे नव्हे. पण औषध टाळूला लागता कामा नये, आग झाली तर लगेच धुवावे, आणि मूत्रपिंडाचे दुखणे, दमा किंवा दिवस गेलेले असतील तर या वाटेला जाऊच नये.

आता शांपूकडे वळते. हे काम तीनचार महिने टिकते, आणि ते कमी करते मुख्यतः धुणे. फेसाळ शांपूतले सोडियम लॉरिल सल्फेट तेलाबरोबर केसावरचा हा थरही थोडाथोडा ओढून नेते. तेव्हा शांपू असा घ्यावा की ज्याच्या लेबलावर सल्फेट नसून सोडियम कोकोइल आयसेथिओनेट किंवा कोकॅमिडोप्रोपिल बिटेन असेल. असा शांपू साध्या दुकानात चारपाचशेला मिळतो. पार्लरची बाटली त्याहून काही वेगळे करीत नाही. ‘केरॅटिनयुक्त’ या शब्दाचे पैसे तर मुळीच देऊ नयेत, त्यातले प्रथिनांचे तुकडे बरेचसे पाण्याबरोबर मोरीत जातात. पैसे खर्चायचेच तर कंडिशनरवर. डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन असलेला कंडिशनर दर धुण्यानंतर केसांच्या टोकांना लावला की केसाला केस घासत नाही, आणि गुळगुळीतपणा खरोखर लांबतो. शांपूतल्या मिठाची जी भीती घालतात ती मला फारशी पटत नाही. दोन मिनिटांत धुतले जाणारे मीठ ते किती! आठवड्यातून चारऐवजी दोनदा केस धुतले, तर कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त फरक पडतो.

राहिले अभ्यंगस्नान. तेलाने केस बिघडत नाहीत, पण भरपूर तेल काढायला मग अंगाचा साबण चोळला जातो, आणि तो अल्कधर्मी असल्याने केस फुगून खरखरीत होतात. तेल बेताचे लावावे आणि सौम्य शांपूने दोनदा धुवावे. शिकेकाई हवीच असेल तर काढा गाळून घ्यावा, चोथा केसांवर रगडू नये. बऱ्याच औषधांनंतर तीन दिवस केस भिजवू देत नाहीत, म्हणून नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीची वेळ कुणी दिली तर सूनबाईंनी ती घेऊ नये. तुळशीच्या लग्नानंतरची मागावी. तेव्हा पार्लरात गर्दीही कमी असते, आणि खिडकी उघडी ठेवायला कुणी नाही म्हणत नाही.