प्रयोगाच्या पाटावरून : थोटकाचं पाणी आणि अळिवाचे साठ दाणे

आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने जूनमध्ये विचारलं, "सर, सिगारेटच्या थोटकाने झाड मरतं का?" त्याच्या घरी गॅलरीत कुंड्या आहेत आणि त्याचे बाबा सिगारेट ओढून झाली की थोटूक कुंडीतल्या मातीत विझवतात. बाबांना 'ओढू नका' सांगून काही होत नव्हतं. निदान कुंडीचं तरी सिद्ध करून दाखवू, असा त्याचा विचार होता. म्हणजे उत्तर त्याच्याकडे आधीच तयार होतं, फक्त प्रयोग व्हायचा बाकी होता. असा प्रयोग करणं सगळ्यांत अवघड असतं.

पहिला प्रयत्न मी त्यांना त्यांच्या मनाने करू दिला. एका बरणीत साधं पाणी, दुसऱ्या बरणीत थोटकं भिजवलेलं पाणी, आणि दोन बशांत ओल्या टिश्यू कागदावर दहा-दहा मूग. तिसऱ्या दिवशी साध्या पाण्यातले दहाच्या दहा रुजले, थोटकाच्या पाण्यातले सात. वर्ग खूश. मी म्हटलं, बशा जरा उचलून बघा. थोटकाची बशी खिडकीच्या बाजूला होती. तिच्या कागदाच्या कडा वाळून वर वळल्या होत्या आणि न रुजलेले तिन्ही मूग त्या वाळलेल्या कडेलाच होते. त्यांना थोटकाने अडवलं की उन्हाने, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग आम्ही आराखडा बसून लिहिला. मूग आधी बाद केला. त्याचा दाणा मोठा, पोटात शिदोरी भरपूर, लहानसहान त्रास तो सहज सोसतो. त्याऐवजी अळीव घेतले, आपल्या लाडवातलेच. पाण्यातल्या विषारीपणाची परीक्षा घ्यायला अळीव जगभर वापरतात, कारण ते दीड-दोन दिवसांत रुजतात आणि त्यांचं कोवळं मूळ चटकन बिथरतं. एकच अडचण, भिजले की दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. म्हणून ते कोरडे असतानाच चिमट्याने अंतरावर मांडायचे आणि पाणी नंतर घालायचं.

खरी चर्चा झाली ती तुलना कशाशी करायची यावर. साधं पाणी एका बाजूला हवंच. पण समजा थोटकाच्या पाण्यात दाणे कमी रुजले, तर दोष धुराच्या राखेचा, निकोटिनचा, की मुळात फिल्टरचाच? फिल्टर कापसाचा असतो असं वर्गातल्या बहुतेकांना वाटत होतं. तो असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंचा. त्यातूनही पाण्यात काही उतरू शकतं. म्हणून तिसरा गट ठेवला न ओढलेल्या सिगारेटच्या फिल्टरचा. हा गट नसता तर 'धुरामुळे' हा शब्द आम्हाला अहवालात लिहिताच आला नसता. वापरलेल्या आणि कोऱ्या, दोन्ही फिल्टरना चिकटलेली तंबाखू कापून काढली, नाहीतर तुलना फिल्टरची न राहता तंबाखूची झाली असती.

प्रमाण असं ठरलं. दहा फिल्टर २०० मिलिलिटर पाण्यात २४ तास. हे 'दाट' पाणी. त्याचा एक भाग आणि साधं पाणी नऊ भाग, हे 'पातळ'. कोऱ्या फिल्टरचं पाणी दाट प्रमाणातच. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलं, आणि साधं पाणीसुद्धा तशाच झाकणाच्या बरणीत २४ तास ठेवलं. प्रत्येक बशीत २० दाणे, ५ मिलिलिटर पाणी, प्रत्येक गटाच्या तीन बशा.

इथे एका मुलीने सुचवलं की एकाच मोठ्या बरणीत पाणी करून तिन्ही बशांत घालू. सोपं होतं, पण चुकीचं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण तीन शितं एकाच पातेल्यातली असतील तर परीक्षा एकाच पातेल्याची होते. प्रत्येक थोटूक वेगळं असतं, कोणी अर्धी ओढून टाकतो, कोणी फिल्टरपर्यंत. म्हणून तीन बशांसाठी तीन वेगळ्या बरण्या, प्रत्येकीत वेगळे दहा फिल्टर. याचा उपयोग पुढे कळेलच.

आता सुरक्षितता. हा भाग घाईने वाचू नका. थोटकं मुलांनी गोळा केली नाहीत. रस्त्यावरच्या थोटकाला अनोळखी माणसाची थुंकी लागलेली असते. ती मी, एका ओळखीच्या कार्यालयाबाहेरच्या वाळूच्या बादलीतून, हातमोजे घालून चिमट्याने उचलली. कोऱ्या सिगारेटीही मीच आणल्या. एकवीस वर्षांखालच्यांना सिगारेट विकायला कर्नाटकात कायद्याने बंदी आहे, तेव्हा प्रयोगासाठीसुद्धा मुलाला दुकानात पाठवायचं नाही. फिल्टर भिजवणं आणि गाळणं मी एकट्याने, हवेशीर खोलीत केलं.

हातमोजे कशाला, असं एकाने विचारलं. आपण बेळगावकर, निपाणीची तंबाखू आपल्याला परकी नाही. ओली तंबाखूची पानं खुडणाऱ्या माणसांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, कारण निकोटिन ओल्या त्वचेतून अंगात शिरतं. आमचं दाट पाणी कोऱ्या चहासारखं दिसत होतं, म्हणून बरण्या स्वयंपाकघरातल्या नव्हत्या आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात 'विषारी' असं लिहिलं होतं. मुलांना बंद बरणी, ड्रॉपर, हातमोजे आणि चष्मे मिळाले. वास घ्यायचा नाही, डबा त्या खोलीत उघडायचा नाही. शेवटी रोपं, कागद, फिल्टर आणि उरलेलं पाणी लाकडाच्या भुशात जिरवून, दुहेरी पिशवीत बांधून घरगुती धोकादायक कचऱ्यात दिलं. बेसिनमध्ये नाही आणि बागेत तर मुळीच नाही.

बारा बशा एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवल्या. रोज चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागा बदलल्या. बशांवर गटाचं नाव न लिहिता फक्त आकडे लिहिले, कोणता आकडा कोणत्या गटाचा ते माझ्या वहीत. पण दाट पाण्याने कागद तपकिरी होतो, त्यामुळे गुपित काही राहिना! मग एका टोळीने मोड काढून स्वच्छ पांढऱ्या कागदावर मांडायचे आणि बशा न पाहिलेल्या दुसऱ्या टोळीने मोजायचे, असा तोडगा निघाला. 'रुजला' म्हणजे मूळ निदान २ मिलिमीटर बाहेर आलं, ही व्याख्याही आधीच लिहून ठेवली.

७२ तासांनी साध्या पाण्यातले ६० पैकी ५७ दाणे रुजले होते. कोऱ्या फिल्टरच्या पाण्यात ५६, पातळ पाण्यात ५५ आणि दाट पाण्यात ३७. फक्त रुजणं पाहिलं असतं तर पातळ पाणी निरुपद्रवी ठरलं असतं. पण मुळांची लांबी वेगळंच सांगत होती. रुजलेल्या दाण्यांचं मूळ साध्या पाण्यात सरासरी ३८ मिलिमीटर, कोऱ्या फिल्टरच्या पाण्यात ३५, पातळमध्ये २४ आणि दाटमध्ये जेमतेम ६. दाणा रुजतो पोटातल्या शिदोरीवर, पण मूळ बाहेर आलं की ते थेट त्या पाण्यात बुडतं. म्हणून मूळ आधी तक्रार करतं.

आता ती अवघड गोष्ट. दाट पाण्याच्या तीन बशांत रुजलेले दाणे होते ८, १२ आणि १७. तो मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, सतरावाली बशी बिघडलीय. ती सोडून देऊ या." मी विचारलं, कशावरून? कागद ओला होता, पाणी तेवढंच होतं, दाणे वीसच होते. त्याला कारण सापडेना. बशी बाद करायचे नियम आम्ही आधीच लिहिले होते, बुरशी आली, कागद वाळला किंवा पाणी सांडलं तर. 'मला हवा तो आकडा आला नाही' हे त्या यादीत नव्हतं. तो गप्प झाला, पण त्याचा चेहरा मला दिसत होता. बाबांसमोर ८ न्यायचे की १७, हा त्याच्यासाठी नुसता आकड्यांचा प्रश्न नव्हता.

बशी राहिली. माझ्या टिपणात पाहिलं तर तिच्या बरणीतली बरीच थोटकं लांब होती, म्हणजे अर्धवट ओढलेली. कमी धूर, कमी मळ, असं असू शकेल. पण हा अंदाज आहे, तपासलेलं कारण नाही, आणि अहवालात तो अंदाज म्हणूनच गेला. एकाच बरणीतून तिन्ही बशा भरल्या असत्या तर हा फरक आम्हाला दिसलाच नसता.

कोऱ्या फिल्टरचे ३५ आणि साध्या पाण्याचे ३८, यावरही वाद झाला. 'कोरा फिल्टरही मूळ खुंटवतो' असं लिहायची एका गटाची तयारी होती. बशीनिहाय सरासऱ्या मांडल्या. साध्या पाण्याच्या ३४, ३९, ४१ आणि कोऱ्या फिल्टरच्या ३१, ३६, ३८. दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या. तीन बशांवरून या दोघांत फरक आहे असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. इंग्लंडमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातल्या डॅनिएल ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मातीत थोटकं असताना क्लोव्हर या मेथीच्या कुळातल्या वनस्पतीचं रुजणं २७ टक्क्यांनी घटलं होतं, आणि न ओढलेल्या सिगारेटच्या फिल्टरचाही जवळपास तसाच परिणाम दिसला होता. मग आपलं चुकलं का? नाही. त्यांचा फिल्टर मातीतच होता, आमच्याकडे फक्त त्याचं पाणी होतं. वनस्पती वेगळी, दिवस वेगळे. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

मुलाच्या पहिल्या मसुद्यात निष्कर्ष होता, 'सिगारेटच्या थोटकाने झाडे मरतात.' तीनदा खोडून उरलं ते असं : 'वापरलेल्या फिल्टरचे पाणी, २०० मिलिलिटरला एक फिल्टर या प्रमाणातही, ७२ तासांत अळिवाच्या मुळांची वाढ कमी करते. दहापट दाट पाण्यात रुजणेही घटते, पण बरणीनुसार पुष्कळ फरक पडतो. माती, मोठी झाडे आणि विडी यांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही.' विडीचं त्याला मागच्या बाकावरून कोणीतरी सुचवलं होतं. विडीला फिल्टरच नसतो, तेव्हा तो प्रयोग मुळापासून वेगळा.

वही त्याने घरी नेली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, बाबा काय म्हणाले? "त्यांनी सगळं वाचलं, सर. सतरावाली बशीसुद्धा. मग म्हणाले, आपल्या कुंडीत बरणीतलं पाणी कुठे आहे, माती आहे."

प्रश्न बरोबर होता. तेव्हा सध्या शाळेच्या गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या आहेत. चारांत नुसती माती, चारांत कोरे फिल्टर, चारांत थोटकं, आणि प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे. कुंड्यांखाली ताटल्या आहेत, म्हणजे पाणी गच्चीवर वाहणार नाही, आणि ती मेथी कोणी खायची नाही अशी पाटी लावली आहे. मोजणी एकविसाव्या दिवशी. मातीसाठी जुनं शेणखत त्याच्या बाबांनी आणून दिलं.